दोनशेची नोट विसाच्या खणात

तालुक्याच्या गावातलं एक किराणा दुकान डोळ्यांसमोर आणा. वेळ संध्याकाळी साडेसातची. दिवे लागलेत, भाजी घेऊन परतणाऱ्या बायका, शिकवणीहून येणारी पोरं, रिक्षा लावून काडेपेटी मागणारे, सगळे एकाच वेळी काउंटरवर. गल्ल्यावर शेठ, आणि माल काढून द्यायला कामावरचा एक पोरगा. नेहमीच्या एका काकूंनी एक किलो साखर घेतली ४६ रुपयांची, अर्धा किलो पोहे २६ चे आणि दोन रुपयांची काडेपेटी. एकूण ७४. काकूंनी शंभराची नोट दिली. शेठनी शंभर गल्ल्यात टाकले आणि विसाची एक नोट, पाचाचं एक नाणं, रुपयाचं एक नाणं असे २६ रुपये हातावर ठेवले. काकूंनी न बघता ते पाकिटात सारले आणि त्या निघाल्या.

फक्त ती नोट विसाची नव्हती, दोनशेची होती.

ही गोष्ट रचलेली आहे. दुकान, शेठ, काकू, कोणीही खरं नाही. पण असा प्रसंग बाजारात घडतच असतो, आणि त्यानंतर काय काय होतं याकडे आपण गिऱ्हाईक म्हणून फारसं बघत नाही. आपल्याला दिसतात ते फक्त पाकिटातले जादा पैसे. दुकानाच्या बाजूने त्या १८० रुपयांचा प्रवास बराच लांब असतो. तो शेवटपर्यंत पाहण्यासाठी ही गोष्ट पुढे नेऊ.

आधी चूक झाली कशी ते पाहू. आत्ताच्या नोटांमध्ये दोनशेची नोट झळझळीत पिवळी आहे आणि विसाची हिरवट पिवळी. दोनशेची २०१७ च्या ऑगस्टमध्ये आली, तिच्यामागे सांचीचा स्तूप आहे. नव्या रूपातली विसाची २०१९ मध्ये आली, तिच्यामागे आपल्या वेरूळची लेणी आहेत. शेजारी शेजारी सपाट ठेवल्या तर लहान मूलही फरक सांगेल, कारण दोनशेची १४६ मिलिमीटर लांब आहे आणि विसाची १२९. म्हणजे लांबीत तब्बल १७ मिलिमीटरचा फरक. पण दुकानात नोट सपाट येते कुठे? ती येते कमरेच्या बटव्यातून, शर्टाच्या खिशातून, चौघडी होऊन. दोनदा दुमडलेल्या नोटेत तो १७ मिलिमीटरचा फरक जेमतेम चार मिलिमीटरवर येतो. वरून पिवळसर दिवा असेल तर हिरवट पिवळं आणि झळझळीत पिवळं यातलं अंतरही पुसलं जातं. उरतो फक्त आकड्यातला एक शून्य, आणि तो बऱ्याचदा घडीच्या आत असतो.

तरीही शेठ दोनशे आणि वीस ओळखत नाहीत असं नाही. खरी चूक अर्धा तास आधी झाली होती. एका गिऱ्हाइकाने घडी घातलेली दोनशेची नोट दिली, शेठनी ती नीट ओळखली, त्याला सुट्टे बरोबर दिले. मात्र गर्दीत ती नोट टाकताना ती गेली विसाच्या खणात. गल्ल्यावर बसणारा माणूस मोड देताना प्रत्येक नोट वाचत नाही. त्याचा हात खण ओळखतो. या खणात वीस, त्या खणात पन्नास, पलीकडे शंभर, असं दिवसातून शेकडो वेळा करून हाताला ते पाठ झालेलं असतं. म्हणून चुकीच्या खणात पडलेली नोट बाहेर पडेपर्यंत कोणालाच कळत नाही. ती बाहेर पडते तेव्हा देणारा विसाची समजून देतो आणि घेणारा विसाची समजून घेतो.

रात्री साडेनऊला शटर अर्धं खाली आलं आणि शेठ गल्ला मोजायला बसले. या दुकानात एक चांगली सवय आहे: प्रत्येक रोख विक्री कच्च्या वहीत टिपली जाते. सगळीकडे ती नसते. जिथे नसते तिथे दिवसाचा धंदा किती हे गल्ल्यात उरलेल्या पैशांवरूनच ठरवतात, आणि मग तूट आहे की नाही हे कळायला मार्गच राहत नाही. विक्री जरा कमी झाली असेल, एवढंच वाटतं.

शेठचा हिशेब असा. सकाळी मोडीसाठी ठेवलेले १,५०० रुपये. दिवसाची रोख विक्री ११,६४०. उधारीतले वसूल झालेले ८५०. झाले १३,९९०. त्यातून दूध आणि पावाच्या माणसाला २,३०० दिले, माल आणणाऱ्या टेम्पोला १२०, घरी खर्चाला ५००. असे २,९२० वजा केले की गल्ल्यात ११,०७० रुपये असायला हवेत. क्यूआर कोडवर आलेले पैसे थेट बँकेत गेले, त्यांचा या बेरजेशी संबंध नाही.

आता नोटा मोजल्या. पाचशेच्या १२, दोनशेच्या ९, शंभराच्या २२, पन्नासच्या ८, विसाच्या १३, दहाच्या १५ आणि नाणी ८० रुपयांची. बेरीज १०,८९०. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. १८० रुपये कमी.

या १८० रुपयांचं वजन समजून घ्या. किराण्यात सगळ्या मालावर सारखा नफा सुटत नाही. साखरेवर अगदी थोडा, सुट्या मसाल्यावर बरा, कंपनीच्या साबणावर ठरलेला. सरासरी दहा टक्के धरले तर १८० रुपये भरून काढायला १,८०० रुपयांचा माल विकावा लागतो. म्हणजे काकूंना दिलेल्या ७४ रुपयांच्या मालासारखी चोवीस-पंचवीस गिऱ्हाइकं त्या दिवशी फुकट झाली.

आणि नेमकी इथेच या गोष्टीतली सर्वांत वाईट शक्यता उभी राहते. शेठनी मान वर केली आणि फरशी पुसणाऱ्या पोराकडे बघितलं. संध्याकाळी चहा घ्यायला शेठ आत गेले तेव्हा दहा मिनिटं गल्ल्यावर तोच होता. काही बोलणं झालं नाही, पण पोराला ती नजर कळली. गल्ल्यात तूट आली की संशय आधी सर्वांत जवळच्या आणि सर्वांत गरीब माणसावर जातो. दुकानातून जादा गेलेल्या सुट्ट्याचा पहिला चटका बसतो तो त्याला, आणि पैसे नेणाऱ्या गिऱ्हाइकाला याची गंधवार्ताही नसते.

पण मुरलेला हिशेबनीस पोराकडे बघण्याआधी आकड्याकडे बघतो. तुटीचा आकडा बोलतो. हिशेबनिसांचा एक जुना आडाखा आहे: तुटीला नऊने भाग जातो का ते बघा. १८० भागिले ९, बरोबर २०. भाग गेला, की शून्याची किंवा आकड्यांच्या अदलाबदलीची चूक असण्याचा संभव मोठा. कारण साधं आहे. विसाऐवजी दोनशे गेले म्हणजे दहापट गेले. दहापटीतून मूळ एकपट वजा केली की नऊपट उरते, म्हणून फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. पन्नासऐवजी पाचशे गेले तर तूट ४५० ची, दहाऐवजी शंभर गेले तर ९० ची. दोन्हींना नऊने भाग जातो. याउलट तूट ३०० ची असेल तर संशयाचा रोख बदलतो. तिथे बहुधा गिऱ्हाइकाने दोनशे दिलेले असतात आणि दुकानदाराने पाचशे समजून मोड दिलेली असते. तूट ८० ची असेल तर विसाच्या जागी शंभराची नोट गेली असेल. गल्ल्यातून कोणी पैसे उचलले तर सहसा पाचशे, दोनशे किंवा शंभराची नोट जाते. त्यातून १८० चा आकडा तयार व्हायला उचलणाऱ्याने शंभर, पन्नास, वीस आणि दहा अशा नोटा निवडून घ्यायला हव्यात. तसं घडणं अशक्य नाही, पण संभव कमी.

मात्र नऊचा भाग गेला म्हणजे नोटच चुकली असं छातीठोकपणे सांगता येत नाही. वहीतही तीच चूक होऊ शकते. २४० रुपयांची विक्री गडबडीत ४२० लिहिली गेली, तरी फरक १८० च येतो. तेव्हा गल्ल्यातून पैसे गेलेलेच नसतात, वहीत जादा विक्री दिसत असते. म्हणून तपासाचा क्रम महत्त्वाचा. आधी नोटा दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्यायच्या. मग सकाळची मोडीची रक्कम खरंच १,५०० होती का ते बघायचं. मग न लिहिलेला खर्च आठवायचा: कोणी वर्गणी नेली का, फोडणीला कोथिंबीर मागवली का, नळवाल्याला काही दिलं का. मग वहीतल्या तीन आकडी विक्र्या एकेक करून वाचायच्या आणि ज्यांत आकडे उलटे झाले असतील अशा बाजूला काढायच्या. एवढं करून १८० तसेच राहिले, तरच नोटेची चूक धरायची.

शेठनी हे सगळं केलं. पोरालाच समोर बसवून नोटा मोजायला लावल्या, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण संशयिताला मोजणीत सामील करून घेतलं की संशयाची धार तिथेच बोथट होते. वहीत उलटा आकडा सापडला नाही. मग पोरगाच म्हणाला, “शेठ, मघाशी विसाच्या खणात मला एक दोनशेची दिसल्यासारखी वाटली होती. मी गोणी उचलत होतो, म्हणून बोललो नाही.” तिथून गाडी रुळावर आली. विसाची मोड कोणाकोणाला दिली होती, त्यात सात ते आठच्या दरम्यान कोण होतं, एवढंच आठवायचं राहिलं. पाच-सहा चेहरे आठवले. त्यांतल्या एक काकू.

गल्ल्यावर कॅमेरा असता तर काम सोपं झालं असतं. मात्र तो गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर न रोखता वरून थेट गल्ल्यावर रोखलेला हवा, म्हणजे नोटेचा रंग आणि हात दोन्ही दिसतात. कॅमेरा नसेल तर तुटीचा आकडा फक्त दिशा दाखवतो, पुरावा होत नाही. दोन वेगळ्या चुका मिळूनही १८० होऊ शकतात. तेवढी शंका मनात ठेवूनच पुढचं पाऊल टाकायला हवं.

इथे कायदा काय म्हणतो ते नीट समजून घेऊ, कारण याबाबत गैरसमज भरपूर आहेत. “त्यानेच दिले, मी काही मागितले नव्हते” हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याच्या ७२ व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की चुकीने मिळालेले पैसे किंवा वस्तू घेणाऱ्याने परत केली पाहिजे. मागितले होते की नव्हते, हा प्रश्नच तिथे येत नाही. चूक देणाऱ्याची होती, निष्काळजीपणा त्याचा होता, तरीही पैसे त्याचेच राहतात. काकूंच्या पाकिटातली ती नोट ठेवून त्यांनी शेठला वीस रुपये दाखवले तरी १८० रुपयांचं देणं उरतंच, आणि त्यांना ते कळलेलं नसलं तरीही उरतं.

गुन्हा मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी अप्रामाणिक हेतू लागतो. काकूंना कळलंच नाही, तर गुन्हा नाही. कळलं आणि त्यांनी जाणूनबुजून ठेवून घेतलं, तर तिथून पुढे तो मालमत्तेचा अप्रामाणिक अपहार होऊ शकतो. जुन्या दंड संहितेत हे ४०३ वं कलम होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते ३१४ वं आहे, आणि त्यात सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. या कलमातलं एक उदाहरण फार बोलकं आहे. एखाद्याने दुसऱ्याची वस्तू आपली समजून नेली तर ती चोरी नाही. पण चूक लक्षात आल्यावरही त्याने ती अप्रामाणिकपणे आपल्यासाठी ठेवली तर तो या कलमाखाली दोषी ठरतो. हात स्वच्छ होता, नंतर मन बदललं, आणि त्या क्षणी गुन्हा घडला.

हाच पेच इंग्लंडच्या न्यायालयाला १८८५ मध्ये चांगलाच जड गेला होता. ॲशवेल नावाच्या माणसाने कीओ नावाच्या ओळखीच्या माणसाकडे एक शिलिंग उसनं मागितलं. अंधार होता. कीओने खिशातून नाणं काढून दिलं, दोघांनाही ते शिलिंग वाटलं. प्रत्यक्षात ते सॉव्हरिन होतं, म्हणजे सोन्याचं, वीस शिलिंगांचं नाणं. थोड्या वेळाने ॲशवेलला ते कळलं आणि त्याने ते मोडून पैसे ठेवून घेतले. चोरी म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातून त्याच्या संमतीशिवाय नेणं. इथे तर कीओने स्वतःच्या हाताने नाणं दिलेलं. मग ही चोरी कशी? चौदा न्यायाधीश बसले आणि मतं सात विरुद्ध सात अशी पडली. बरोबरी झाल्यामुळे आधी झालेली शिक्षा कायम राहिली. त्या वेळी आपल्याकडे १८६० ची दंड संहिता होती आणि तिच्यात चोरीपासून वेगळं असं अपहाराचं कलम आधीच घातलेलं होतं. त्यामुळे भारतातल्या न्यायाधीशाला अशा प्रकरणात हात दिलेला की घेतलेला यावर डोकं खाजवायची गरज नव्हती.

अर्थात १८० रुपयांसाठी कोणी कोर्टात जात नाही, आणि जाऊही नये. हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. शिवाय पैसे चुकीने गेले आणि समोरच्याला ते कळलं होतं, या दोन्ही गोष्टी दुकानदाराला सिद्ध कराव्या लागतात. म्हणून कायदा इथे एवढंच काम करतो: पैसे कोणाचे याबद्दलचा वाद संपवतो. पुढचं सगळं विचारण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतं.

कामावरच्या पोराच्या बाबतीतही कायद्याचं म्हणणं लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९३६ च्या वेतन कायद्यापासून हे तत्त्व आहे की हिशेब देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे अशा माणसाच्या पगारातून पैशांची तूट कापायची असेल, तर ती थेट त्याच्या निष्काळजीपणामुळे झालेली असली पाहिजे, आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. “गल्ला कमी आला, तुझ्या पगारातून वळते” हे तोंडी फर्मान कायद्याला धरून नाही. बहुतेक छोट्या दुकानांत हे कोणी सांगत नाही आणि पोरगाही विचारत नाही. त्याला माहीत असायला हवं.

आता लोक जादा पैसे परत करतात का? इस्रायलमधल्या अर्थशास्त्रज्ञांनी एका उपाहारगृहात हे प्रत्यक्ष करून बघितलं. त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोख पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांना मुद्दाम जादा मोड दिली गेली, कोणाला १० शेकेल जास्त, कोणाला ४०. बहुसंख्य लोकांनी पैसे परत केले नाहीत. पण पुढचे दोन निष्कर्ष जास्त महत्त्वाचे आहेत. एक, ४० शेकेल जादा मिळालेल्यांनी १० वाल्यांपेक्षा जास्त वेळा परत केले. फायदा मोठा तर मोह मोठा, असा आपला अंदाज असतो. इथे उलट झालं. दोन, नेहमी येणाऱ्या गिऱ्हाइकांनी एकदाच आलेल्यांपेक्षा खूप जास्त वेळा परत केले.

या आकड्यांकडे बघताना एक सावधगिरी हवी. परत न करणाऱ्यांत दोन प्रकारची माणसं असतात, ज्यांनी मोजूनही ठेवून घेतले आणि ज्यांनी मोजलंच नाही. मोठी रक्कम पटकन नजरेत भरते, हेही ती जास्त परत येण्याचं एक कारण असू शकतं. माझं मत असं की आपल्याकडच्या किराणा दुकानांत न मोजणारेच जास्त असावेत, कारण ओळखीच्या दुकानात मोड मोजून घेणं आपल्याला अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. काकूंनी नोटेकडे पाहिलं नाही ते याच भिडेपोटी.

दुसऱ्या दिवशी काकूंना भाजीवाल्याकडे पाकीट उघडल्यावर दोनशेची नोट दिसली. घरातून निघताना पाकिटात शंभराच्या दोन आणि थोडी चिल्लर होती हे त्यांना पक्कं आठवत होतं. काल एकाच ठिकाणी पैसे मोडले होते. त्या दुकानाकडे वळल्या, तोवर शेठच दारात आले. शेठ म्हणाले, “काकू, काल माझ्या हातून विसाऐवजी दोनशेची नोट कोणाला तरी गेलीय. तुमच्याकडे आलीय का, जरा बघता का?” यातला प्रत्येक शब्द योग्य होता. चूक त्यांनी स्वतःकडे घेतली, नेमकी नोट सांगितली, आणि काकूंनी नेली असं म्हटलं नाही. “तुम्हाला काल जास्त गेले” असं म्हटलं असतं तर काकूंना आपण पकडले गेलो असं वाटलं असतं, आणि पकडला गेलेला माणूस आधी नाकारतो. तो नाकारून बसला की मग पैसे सापडले तरी द्यायला त्याला लाज वाटते. याच कारणाने गिऱ्हाइकाचा फोटो दुकानात लावणं किंवा गावच्या ग्रुपवर टाकणं हे सर्वांत वाईट. १८० रुपये तर येत नाहीतच, उलट बदनामीची तक्रार अंगावर येते.

काकूंनी दोनशेची नोट दिली, शेठनी विसाची दिली. व्यवहार फिटला. शेठनी वहीत कालच्या तारखेखाली १८० जमा लिहिले आणि पोराला हाक मारून ते वाचून दाखवलं.

अशी चूक टाळायची असेल तर गल्ल्यावरचा एकच नियम सर्वांत जास्त उपयोगी पडतो. गिऱ्हाइकाने दिलेली नोट लगेच गल्ल्यात टाकायची नाही. ती काउंटरवर, वजनाखाली, दोघांना दिसेल अशी ठेवायची, तोंडाने म्हणायचं “शंभर दिलेत”, आणि मोड द्यायची ती वजाबाकी करून नव्हे, वर चढत. ७४ रुपये झाले, तर रुपयाचं नाणं ठेवत म्हणायचं पंच्याहत्तर, पाचाचं ठेवत ऐंशी, वीस ठेवत शंभर. हातात दोनशेची नोट असेल तर “शंभर” म्हणताना जीभ अडखळते आणि डोळा नोटेकडे जातो. मोड पोचल्यावरच काउंटरवरची नोट गल्ल्यात जाते. या पद्धतीने “मी पाचशे दिले होते” असं खोटं सांगून मोड उकळणाऱ्यांपासूनही संरक्षण मिळतं, कारण दिलेली नोट समोरच असते. आणि दोनशेची नोट ओळखायला अंगठाही पुरतो: तिच्या दोन्ही कडांना तिरप्या उंचावलेल्या रेघा आहेत आणि त्यांच्यामध्ये दोन गोल. विसाच्या नोटेला तशा रेघा नाहीत.

आपण गिऱ्हाईक म्हणून काउंटरवरच मोड मोजून घ्यावी. त्यात अविश्वास नाही, दुकानदारालाही तेच सोयीचं असतं. घरी आल्यावर पैसे जास्त निघाले तर त्याच दिवशी, गल्ला मोजायच्या आत, कळवा. जाणं जमत नसेल तर बिलावरच्या नंबरवर फोन करा. पैसे क्यूआर कोडवर पाठवून दिलेत तरी चालेल, मात्र ते कशाचे आहेत हे तोंडी सांगायला विसरू नका, कारण तुमचे १८० बँकेत जमा होतील आणि रात्री गल्ल्यात तूट मात्र तशीच दिसेल.